होडीचे डिझेल इंजिन : तेल, गाळणी आणि टाकीत शिरलेले पाणी

लहान मासेमारी होडीत किंवा शिडाच्या नौकेत बसवलेले इनबोर्ड डिझेल इंजिन सहसा एक ते तीन सिलिंडरचे आणि १० ते ३० अश्वशक्तीचे असते. ते होडीच्या पोटात, फळ्यांखाली बसते. त्याचा शाफ्ट तळातून मागे बाहेर पडतो आणि टोकाचा पंखा होडीला पुढे ढकलतो. आतली रचना शेतातल्या डिझेल पंपापेक्षा फारशी वेगळी नसते, पण त्याच्या वाट्याला येणारी परिस्थिती वेगळी असते. ते खाऱ्या पाण्याने थंड होते, दमट खाऱ्या हवेत श्वास घेते, त्याची टाकी लाटांबरोबर सतत हिंदकळते आणि वर्षातले अनेक दिवस ते नुसते उभे राहते. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी असते. त्या काळात होड्या ओढून वर घेतलेल्या असतात आणि वरून पाऊस कोसळत असतो. इंजिनाचे दुखणे ऑगस्टमध्ये समुद्रावर दिसते, पण ते जडलेले असते याच दोन महिन्यांत.

इंजिन ऑईलपासून सुरुवात करावी, कारण त्याबाबत दुकानात सर्वांत जास्त गोंधळ होतो. डब्यावर दोन गोष्टी छापलेल्या असतात. पहिली म्हणजे दाटपणा, उदाहरणार्थ १५डब्ल्यू-४०. यातला ‘डब्ल्यू’जवळचा आकडा थंडीत इंजिन सुरू होताना तेल किती वाहते राहील ते सांगतो. युरोपातल्या हिवाळ्यात तो निर्णायक ठरतो. कोकण किनाऱ्यावर पहाटेचे तापमान क्वचितच १५ अंशांखाली जाते, त्यामुळे इथे त्याला फारसे महत्त्व उरत नाही. महत्त्वाचा तो दुसरा आकडा. तापलेल्या इंजिनात बेअरिंगवर तेलाचा थर किती जाड टिकेल हे त्यावरून कळते. लहान इंजिनांच्या पुस्तिकांत बहुधा १५डब्ल्यू-४० किंवा एकेरी ३० वा ४० क्रमांकाचे तेल सांगितलेले असते. पुस्तिकेत जे असेल तेच घालावे. ‘जाड तेल म्हणजे जास्त संरक्षण’ या समजुतीने ५० क्रमांकाचे तेल ओतले, तर सुरू होताना ते वरपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि झीज नेमकी त्याच काही सेकंदांत होते.

दुसरी गोष्ट म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची, म्हणजे ‘एपीआय’ची, प्रतवारी. ‘सी’ने सुरू होणारी अक्षरे डिझेल इंजिनासाठी आणि ‘एस’ने सुरू होणारी पेट्रोल इंजिनासाठी असतात. जुन्या पुस्तिकांत सीसी किंवा सीडी ही प्रत लिहिलेली सापडते, पण ती तेले आता क्वचितच मिळतात. तिथे सीएच-४ किंवा सीआय-४ प्रतीचे साधे खनिज तेल चालते आणि यांत्रिक पंपाच्या लहान इंजिनासाठी ते उत्तम आहे. त्यानंतर आलेल्या सीजे-४ आणि सीके-४ या प्रतींत जळल्यावर राख कमी राहील अशी रचना केली आहे, कारण नव्या ट्रकच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते आणि ती राखेने तुंबते. होडीच्या लहान इंजिनाला अशी जाळी नसते. ते तेल घातल्याने नुकसान होत नाही, पण त्यासाठी जादा पैसे मोजण्याचेही कारण नाही. महागड्या सिंथेटिक तेलाबद्दलही असेच म्हणता येईल. तेवढ्या पैशांत खनिज तेल दोनदा बदलून होते, आणि होडीच्या इंजिनाला त्याचाच उपयोग जास्त असतो.

याचे कारण असे, की या इंजिनात तेल झिजून निकामी होण्याआधीच घाण होते. डिझेल जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि तिचा थोडा भाग पिस्टनच्या कडेने खाली तेलात उतरतो. तेल चांगले तापले तर तो उडून जातो. पण ज्या इंजिनात थेट समुद्राचे पाणी खेळवतात, तिथे क्षार धरू नयेत म्हणून थर्मोस्टॅट पाण्याचे तापमान ५० अंशांच्या आसपासच ठेवतो. वेगळे गोडे पाणी खेळवणारे इंजिन ८० अंशांच्या जवळ चालते. थंड चालणाऱ्या इंजिनात, विशेषतः बंदरातून अर्ध्या तासाच्या फेऱ्या मारल्या किंवा जाळे ओढताना ते मंद चालत राहिले, तर पाणी तेलातच साठते. ज्वलनातली आम्ले त्यात मिसळतात आणि बेअरिंगचा पृष्ठभाग खातात. पूर्वी डिझेलमध्ये गंधक जास्त असल्याने हा त्रास मोठा होता. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आले आणि गंधकाची मर्यादा दहा लाखांत १० भागांवर आली. त्यामुळे आम्लाचा भाग कमी झाला, पण पाण्याचा तसाच राहिला.

म्हणून तेल १०० ते १५० तासांनी किंवा वर्षातून एकदा, यांतले जे आधी येईल तेव्हा बदलावे, असे बहुतेक पुस्तिका सांगतात. रोज पाच तास चालणाऱ्या मासेमारी होडीचे १०० तास वीस दिवसांत भरतात. वर्षाकाठी एकदा बदलण्याचा नियम हौशी नौकांसाठी आहे, आणि तो मासेमारी होडीला लावला की इंजिन लवकर खलास होते. बंदीपूर्वीचा बदल मात्र सर्वांनाच लागू होतो. तो मेच्या शेवटी करायचा, ऑगस्टमध्ये नव्हे. काळे, आम्लयुक्त तेल दोन महिने बेअरिंगवर बसू देऊन मग नवे घालणे म्हणजे नुकसान होऊन गेल्यावर खर्च करणे. इंजिन पंधरा-वीस मिनिटे चालवून गरम करावे, म्हणजे गाळ तेलात तरंगत राहतो आणि त्याच्याबरोबर बाहेर येतो. खाली भांडे ठेवायला जागा नसते, म्हणून गेजकाठीच्या नळीतून हातपंपाने तेल ओढून घेतात. ऑईल फिल्टरही त्याच वेळी बदलावा आणि नवे तेल भरून पाच मिनिटे इंजिन चालवावे, म्हणजे उभ्या राहणाऱ्या भागांवर स्वच्छ तेलाचा थर बसतो. काढलेले तेल कॅनमध्ये भरून किनाऱ्यावर न्यावे. ते होडीच्या तळात सांडले तर पहिल्या उपशाबरोबर समुद्रात जाते.

गेजकाठी रोज पाहणाऱ्याला बरेच काही आधी कळते. तेल काळे असणे ही डिझेल इंजिनात सामान्य गोष्ट आहे. पण पातळी आपोआप वाढलेली दिसली, तेल पातळ लागले आणि बोटाला डिझेलचा वास आला, तर फीड पंपाचा पडदा फाटून डिझेल तेलात उतरत आहे असे समजावे. तेल दुधाळ, कॉफीच्या रंगाचे झाले असेल तर त्यात पाणी आहे. शंका असल्यास इंजिनापासून दूर, तापलेल्या तव्यावर त्याचा एक थेंब टाकावा. पाणी असेल तर तो तडतडतो, नसेल तर नुसता पसरतो. खाऱ्या पाण्याने दुधाळ झालेले तेल एक रात्रही आत राहू देऊ नये. पाणी कुठून आले ते शोधून बंद करावे, तेल बदलून इंजिन दहा मिनिटे चालवावे आणि पुन्हा बदलावे. दुधाळपणा जाईपर्यंत असे दोन-तीनदा करावे लागते.

आता डिझेलकडे. टाकीतून निघालेले डिझेल आधी पाणी वेगळे करणाऱ्या पहिल्या फिल्टरमध्ये येते. तिथून फीड पंप ते ओढून इंजिनावरच्या दुसऱ्या, बारीक फिल्टरमध्ये ढकलतो, मग ते इंजेक्शन पंपात आणि शेवटी नोझलमध्ये जाते. उरलेले परतीच्या नळीने टाकीत येते. इंजेक्शन पंपातला प्लंजर आणि त्याची नळी यांच्यात दोन-तीन मायक्रॉनचे अंतर असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. या फटीत वेगळे वंगण जात नाही, डिझेल हेच तिथले वंगण. म्हणून तिथे रेतीचा कण पोचला तर ओरखडा पडतो आणि पाणी पोचले तर वंगणाचा थरच तुटतो.

दोन फिल्टर असण्यामागे कामाची वाटणी आहे. पहिला ३० किंवा १० मायक्रॉनचा असावा. त्याने पाणी आणि मोठा कचरा अडवायचा. इंजिनावरचा दुसरा फिल्टर त्याहून बारीक असतो आणि पंपाचे खरे रक्षण तो करतो. जास्त काळजी म्हणून पहिल्याच ठिकाणी २ मायक्रॉनचा फिल्टर बसवण्याची चूक बऱ्याच ठिकाणी दिसते. त्या ठिकाणी डिझेल ढकलले जात नाही, ओढले जाते. फिल्टर लवकर चोंदतो, ओढ वाढते आणि सैल पडलेल्या एखाद्या जोडातून नळीत हवा शिरते. मेकॅनिक ज्याला ‘इंजिनाने एअर घेतली’ म्हणतात तो प्रकार बरेचदा असा घडतो. चोंदत आलेल्या फिल्टरची खूण सोपी आहे. इंजिन मंद गतीवर नीट चालते, पण पूर्ण थ्रॉटल दिला की फेरे चढत नाहीत किंवा चढून हळूहळू उतरतात.

पहिला फिल्टर फीड पंपाच्या आधीच हवा, यालाही ठोस कारण आहे. पंपाच्या झडपांतून जाताना पाण्याच्या मोठ्या थेंबांचे बारीक तुषार होतात. १०० मायक्रॉनचा थेंब डिझेलमधून ३० सेंटीमीटर खाली बसायला साधारण पाव तास घेतो. १० मायक्रॉनच्या थेंबाला त्याच अंतरासाठी दिवसाहून अधिक लागतो. असा तुषार झालेला थेंब फिल्टरच्या बाऊलमध्ये बसण्याची वाट पाहत नाही, तो डिझेलबरोबर पुढे निघून जातो.

टाकीत पाणी येते कुठून, याचे ठरीव उत्तर ‘हवेतल्या दमटपणातून’ असे दिले जाते. हिशेब केला तर ते अपुरे पडते. ६० लिटरची टाकी अर्धी रिकामी आहे असे धरू. आत ३० लिटर हवा राहील. ३० अंशांवर पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, २४ अंशांवर सुमारे २२ ग्रॅम. म्हणजे रात्री टाकी थंड झाली की ३० लिटर हवेतून पाव ग्रॅम पाणी सुटेल. टाकीतली सगळी हवा रोज नव्याने बदलते असे मानले, जे प्रत्यक्षात घडत नाही, तरी ६० दिवसांत चमचाभर, फार तर १५ ग्रॅम पाणी जमेल. टाकी भरून ठेवल्याने हाही वाटा कमी होतो, म्हणून ती सवय चांगलीच आहे. पण ऑगस्टमध्ये टाकीच्या तळाशी लिटर-दीड लिटर पाणी सापडते ते दमटपणाचे नसते. ते येते भरण्याच्या तोंडाच्या झाकणातून, ज्याची रबरी रिंग उन्हाने तडकलेली असते. ते येते हवेच्या नळीतून, जिचे तोंड लाट किंवा पाऊस पोचेल इतके खाली असते. आणि ते येते जेट्टीवर उघड्यावर पडलेल्या डिझेलच्या कॅनमधून. झाकणाची रिंग दरवर्षी बंदीपूर्वी बदलणे आणि नळीचे तोंड उंच नेऊन खाली वळवणे या दोन कामांनी बराच प्रश्न सुटतो. कॅनमधले डिझेल फडक्यातून गाळण्याची पद्धत आहे, पण फडके कचरा अडवते, पाणी नाही. पाणी अडवणारी जाळी असलेले नरसाळे मिळते. ते नसेल तर कॅन रात्रभर स्थिर ठेवावा आणि तळाचा लिटरभर भाग टाकीत न ओतता वेगळा काढावा.

पाणी फार दिवस राहिले तर त्याच्या आणि डिझेलच्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात. त्यांना राहायला पाणी लागते आणि अन्न डिझेलमधून मिळते. डिझेलमध्ये मिसळलेले जैवइंधन त्यांना आणखी मानवते. काळपट, बुळबुळीत थर तयार होतो आणि तो सुटून फिल्टरमध्ये जातो. त्यांना मारण्याचे औषध मिळते, पण ते आधी टाकून चालत नाही, कारण मेलेला थर एकदम सुटून फिल्टर तासाभरात चोंदवतो. पाणी काढून, शक्यतो टाकी धुऊन, मग औषध घालावे. पाणी ‘विरघळवण्यासाठी’ स्पिरिट ओतण्याचा उपाय तर टाळावाच. चमचाभर पाण्यासाठी तो कसाबसा चालेल, लिटरभर पाण्यासाठी नाही, आणि पंपातल्या रबरी रिंगांना तो बाधतो. शिवाय पाणी डिझेलमध्ये मिसळून पुढे पाठवणे हे नेमके जे टाळायचे तेच आहे.

आता दीड लिटर पाणी गेलेल्या टाकीचे काय होते ते पाहू. टाकी ६० सेंटीमीटर लांब, ४० रुंद आणि २५ उंच आहे. डिझेल ओढणारी नळी मागच्या टोकाला, तळापासून दोन सेंटीमीटर वर आहे. दीड लिटर पाणी अशा तळावर पसरले की त्याचा थर जेमतेम सहा मिलिमीटर होतो. बंदरात आणि शांत खाडीत ते नळीपर्यंत पोचतच नाही. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू होते, तासभर सुरळीत चालते आणि तांडेल निश्चिंत होतो. खाडीच्या मुखाशी पहिली मोठी लाट येते, नाळ वर उचलली जाते आणि होडी दहा अंश तिरकी होते. तळाचे सगळे पाणी मागच्या टोकाला धावते आणि तिथे त्याची खोली साडेतीन सेंटीमीटर होते. नळीचे तोंड पाण्यात बुडते. पहिल्या फिल्टरचा बाऊल भरतो, पाणी पुढे सरकते, धूर पांढरा होतो, फेरे वर-खाली होतात आणि इंजिन बंद पडते. ज्या जागी बंद पडू नये तिथेच ते पडते, आणि त्यात योगायोगाचा भाग नसतो.

अशा वेळी पहिले काम नांगर टाकण्याचे. पुन्हा पुन्हा स्टार्टर मारणे दोन प्रकारे घातक ठरते. त्याने पाणी पंपात आणि नोझलपर्यंत ओढले जाते. शिवाय धुराच्या नळीत थंड करण्याचे पाणी सोडणाऱ्या इंजिनात, इंजिन न पेटता नुसते फिरत राहिले की सायलेन्सर पाण्याने भरतो आणि ते मागे सिलिंडरमध्ये येऊ शकते. दुधाळ तेलाचे हे एक नेहमीचे मूळ आहे. म्हणून बराच वेळ फिरवावे लागणार असेल तर समुद्राच्या पाण्याचा तळातला कॉक बंद करावा आणि इंजिन पेटताच लगेच उघडावा.

मग पहिल्या फिल्टरच्या बाऊलकडे पाहावे. इथे डोळे फसतात. बाऊलमध्ये अर्धे पाणी असेल तर मधली रेषा स्पष्ट दिसते, पण तो पूर्ण पाण्याने भरला असेल तर रेषाच नसते आणि आत सगळे डिझेल आहे असे वाटते. खात्रीसाठी तळाच्या कॉकमधून थोडे काचेच्या बरणीत घ्यावे आणि त्यात खाण्याच्या रंगाचे दोन थेंब टाकावेत. पाण्यात रंग लगेच पसरतो, डिझेलमध्ये त्याचे मणी होऊन तळाला जातात. नुसते डिझेल येईपर्यंत बाऊल रिकामा करावा. लहान बाऊलमध्ये पेल्याहून कमी पाणी मावते, म्हणून दीड लिटरसाठी तो अनेकदा रिकामा करावा लागेल. इंजिनावरच्या फिल्टरमध्येही पाणी सापडले तर त्याची कांडी बदलून भांडे पुसून बसवावे. ओली झालेली कागदी कांडी वाळवून पुन्हा वापरू नये.

नंतर एअर काढायची. इंजिनावरच्या फिल्टरचा वरचा स्क्रू दोन आटे सैल करून फीड पंपाचा हातखटका मारत राहावा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की स्क्रू घट्ट करावा. खटका सैल, जोर नसलेला लागला तर पंप कॅमच्या उंचवट्यावर अडला आहे असे समजावे. इंजिन हाताने एक फेरा पुढे फिरवले की तो पुन्हा धरतो. मग इंजेक्शन पंपाचा स्क्रू तसाच सोडून बंद करावा. तरीही पेटले नाही तर नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट किंचित सैल करून इंजिन फिरवावे आणि डिझेल ठिबकू लागले की आवळावे. त्या जागी बोट धरू नये. नोझल १७० ते २०० किलोच्या दाबावर उघडते आणि त्या दाबाची धार कातडीत घुसते.

इंजिन सुरू झाले तरी टाकीत पाणी उरलेलेच असते, म्हणून आधी शांत पाण्यात परतावे. होडी रात्रभर, शक्य तर पूर्ण दिवस, स्थिर ठेवावी. टाकीला तळाशी कॉक असेल तर तिथून, नसेल तर ताठ बारीक नळी हातपंपाला जोडून टाकीच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यातून ओढावे. प्रत्येक बरणीतले काही वेळ स्थिरावू द्यावे. आधी पाणी येते, मग काळपट गाळ, मग गढूळ डिझेल आणि शेवटी पारदर्शक डिझेल. काठीच्या टोकाला पाणी ओळखण्याची पेस्ट लावून ती तळाला टेकवली तर पाणी असलेल्या उंचीपर्यंत पेस्टचा रंग बदलतो. पेट्रोल पंपावरच्या भूमिगत टाक्याही याच पेस्टने तपासतात. पेस्टचा रंग जसाच्या तसा राहिला की टाकी मोकळी झाली असे समजावे, आणि पुढच्या पहिल्या काही फेऱ्यांनंतर बाऊल पुन्हा पाहावा. समुद्राचे पाणी इंजेक्शन पंपापर्यंत पोचले असेल, तर स्वच्छ डिझेलवर इंजिन त्याच दिवशी निदान अर्धा तास चालवणे गरजेचे आहे, कारण खारे पाणी राहिलेला प्लंजर एका रात्रीतही गंजून अडकू शकतो. त्यानंतरही एका सिलिंडरचे ठोके पडत राहिले किंवा धूर पांढराच राहिला, तर नोझल काढून दुकानात दाबावर तपासून घ्यावी लागते. पाण्याची वाफ होऊन तिच्या टोकाला इजा झालेली असू शकते, आणि ती होडीवर दुरुस्त होत नाही.